छातीतलं, पोटातलं पाणी आणि त्यातल्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कुणाच्या छातीत किंवा पोटात पाणी झालं, सुईने ते काढलं आणि तपासायला पाठवलं, की सगळं घर रिपोर्टाकडे डोळे लावून बसतं. रिपोर्ट हातात येतो तेव्हा त्यात 'ॲटिपिया', 'रिॲक्टिव्ह', 'सस्पिशियस' असे शब्द असतात आणि धास्ती आणखी वाढते. मी गोव्यात पॅथॉलॉजीचं काम करते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे देते आहे. सगळ्यात जास्त जागा एकाच प्रश्नाला दिली आहे: या पाण्यात कर्करोगाची पेशी ओळखायची कशी, आणि ते कधी कधी इतकं अवघड का होतं?

छातीत किंवा पोटात पाणी म्हणजे नेमकं कुठे?

फुप्फुसाच्या आत नाही, आतड्याच्या आतही नाही. फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला दुसरा. या दोन पडद्यांमध्ये निरोगी माणसालाही थोडा ओलावा असतो, जेमतेम दोन-चार चमचे. पोटातही तसंच. हा ओलावा सतत पाझरतो आणि सतत शोषला जातो. पाझर वाढला किंवा शोषण अडलं की पाणी साठतं. हृदय कमजोर झालं, लिव्हर खराब झालं, टीबी झाला, न्यूमोनिया झाला, कर्करोग पडद्यावर पसरला, अशी कारणं कितीतरी आहेत. पाणी झालं म्हणजे कर्करोगच, असं नसतं.

या पडद्यांना आतून एकाच थराच्या पेशींचं अस्तर असतं. त्यांना मेसोथेलियल पेशी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

कर्करोग असेल तर पाण्यात त्याच्या पेशी सापडतातच का?

नाही. पेशी पाण्यात सुटून पडल्या तरच सापडतात. गाठ पडद्यावर पोचून तिच्या पेशी पाण्यात गळू लागल्या, तर काम होतं. पण गाठीने फक्त लसीकावाहिन्या दाबल्या आणि त्यामुळे शोषण अडून पाणी साठलं, तर पाणी कर्करोगामुळेच झालेलं असतं आणि तरीही त्यात एकही कर्कपेशी नसते.

छातीतलं पाणी कर्करोगाचं असताना पहिल्या तपासणीत ते पकडलं जाण्याचं प्रमाण ढोबळमानाने ६० टक्के धरतात. ग्रंथीसारख्या पेशींपासून होणारा कर्करोग, म्हणजे ॲडेनोकार्सिनोमा, पेशी भरपूर गाळतो, त्यामुळे तो जास्त वेळा सापडतो. स्क्वेमस प्रकारचा कर्करोग आणि पडद्याचाच कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, बरेचदा निसटतात. दुसऱ्यांदा पाणी पाठवलं तर आणखी काही रुग्ण सापडतात. तिसऱ्या-चौथ्यांदा तेच करत राहण्यात फारसा फायदा नसतो. तिथे दुर्बिणीने पडद्याचा तुकडा घेणं बरं.

पाणी किती पाठवायचं आणि कसं?

आमचं निम्मं काम इथेच बनतं किंवा बिघडतं. जैवरसायनाच्या तपासणीला ५ मिली पुरतं, म्हणून तेवढीच सिरिंज आमच्याकडेही पाठवली जाते. पेशी शोधायच्या असतील तर ५० ते ७५ मिली तरी हवं. रुग्णाचं लिटरभर पाणी काढून बादलीत ओतलं आणि आम्हाला १० मिली पाठवलं, हे पाहिलं की जीव तुटतो. त्या बादलीतच उत्तर असण्याची शक्यता होती.

पाणी स्वच्छ बाटलीत, तसंच ताजं पाठवायचं. बायोप्सीच्या सवयीने त्यात फॉर्मालिन ओतू नये. रक्ताळ पाणी असेल तर ते गोठतं आणि पेशी गुठळीत अडकतात, म्हणून बाटलीत आधीच थोडं हेपॅरिन घालून ठेवावं. लगेच पाठवता येत नसेल तर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. शनिवारी संध्याकाळी वाळपईला काढलेलं पाणी सोमवारी सकाळी आलं तरी चालतं, पण तोवर ते थंडीत असलं पाहिजे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत चार तास राहिलेल्या बाटलीतल्या पेशी फुगून फुटायला लागलेल्या असतात.

बाटलीवर नाव, बाजू आणि तारीख हवी. सोबतच्या कागदावर वय, आधी कर्करोग झाला होता का, केमो किंवा शेक घेतले का, लिव्हरचा त्रास आहे का, हे लिहिलेलं हवं. का ते पुढे येईल.

प्रयोगशाळेत त्या पाण्याचं काय करतात?

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतो: किती आहे, रंग कोणता, गढूळ आहे का. मग सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे १० मिनिटं फिरवतो. पेशी तळाला बसतात. वरचं पाणी ओतून टाकून तळाचा गाळ काचेवर पसरवतो.

काही काचा ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतो आणि पॅप पद्धतीने रंगवतो. त्यात पेशीकेंद्राची कड आणि आतला पोत स्पष्ट दिसतो. काही काचा हवेत वाळवून गीम्सा रंग देतो. त्यात पेशी पसरट होतात, आतले बुडबुडे आणि चिकट स्राव छान दिसतो. हे वाळवणं झटपट व्हावं लागतं. गोव्यातल्या जुलैच्या दमट हवेत काच वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात पेशी आक्रसतात आणि केंद्र धुरकट दिसतं. म्हणून पावसाळ्यात थर पातळ द्यायचा आणि काच पंख्याच्या गार वाऱ्यावर धरायची. हे न पाळल्यास धड पेशीही विचित्र दिसते.

उरलेल्या गाळाचा सेल ब्लॉक करतो. म्हणजे गाळाची छोटी गोळी तयार करून, ती फॉर्मालिनमध्ये पक्की करून, मेणात बसवायची आणि तिचे काप काढायचे. बायोप्सीसारखाच ठोकळा हाती येतो आणि त्यावर पुढच्या चाचण्या करता येतात. फॉर्मालिनची गरज असते ती या टप्प्यावर.

मायक्रोस्कोपखाली कर्करोगाची पेशी ओळखतात कशी?

लोकांना वाटतं, कर्कपेशी मोठी, काळी, वेडीवाकडी असते आणि पाहताक्षणी कळते. इतर ठिकाणच्या गाठीत बऱ्याच वेळा तसं असतं. पाण्यात नसतं. पाण्यात पडलेली कुठलीही पेशी सगळ्या बाजूंनी मोकळी होते आणि पृष्ठताणामुळे गोल होते. मूळ अवयवात तिचा जो आकार असतो, तो इथे हरवतो.

त्यात मेसोथेलियल पेशींचा स्वभाव असा, की पडद्याला जरा दुखापत झाली की त्या चिडतात. न्यूमोनिया, लिव्हर सिऱ्होसिस, फुप्फुसाचा एखादा भाग रक्ताअभावी मरणं, स्वादुपिंडाची सूज, डायलिसिस, केमो: कारण कुठलंही असो, त्या मोठ्या होतात, एकीला दोन-दोन केंद्रं येतात, केंद्रातला ठिपका ठळक होतो, त्यांचे गट बनतात. त्या विभागतसुद्धा असतात. गाठीच्या तुकड्यात विभागणाऱ्या पेशी दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट सावध होतो. पाण्यात मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. चिडलेल्या मेसोथेलियल पेशींना आम्ही 'रिॲक्टिव्ह' म्हणतो. रिपोर्टात हा शब्द असेल तर त्याचा अर्थ कर्करोग असा नाही.

म्हणून मी एकेकट्या पेशीकडे नंतर पाहते. आधी कमी भिंगाने सगळी काच फिरते आणि एकच प्रश्न विचारते: इथे एकच कुटुंब आहे, की दोन? रिॲक्टिव्ह पाण्यात लहान, मध्यम, मोठ्या, दोन केंद्रांच्या अशा सगळ्या पेशी एकमेकींच्या नात्यातल्या दिसतात, एकीपासून दुसरीपर्यंत सलग पायऱ्या लावता येतात. कर्करोगात गावच्या माणसांत परका उभा असावा तशी दुसरी, वेगळीच पेशींची जात दिसते. तिच्यात आणि मेसोथेलियल पेशींत मधल्या पायऱ्या नसतात.

मग भिंग वाढवायचं. दोन मेसोथेलियल पेशी शेजारी बसल्या तरी त्यांच्यामध्ये एक बारीक फट राहते, तिला आम्ही खिडकी म्हणतो. या पेशींच्या अंगावर लांब सूक्ष्म केस असतात, त्यामुळे त्या एकमेकींना पूर्ण चिकटत नाहीत. पेशीद्रव आत दाट आणि कडेला फिकट, असं दोन छटांचं दिसतं. केंद्र बहुतेक वेळा मध्यावर असतं. त्यांच्या गटाची बाहेरची कड उंचसखल असते, कारण प्रत्येक पेशीची स्वतःची कड बाहेर डोकावते.

ॲडेनोकार्सिनोमात पेशी एकमेकींत घुसल्यासारख्या घट्ट बसतात. चेंडूसारखा भरीव गोळा बनतो आणि त्या गोळ्याची बाहेरची कड सलग, गुळगुळीत असते, जणू सगळ्यांची मिळून एकच. फट दिसत नाही. केंद्र एका बाजूला सरकलेलं, कड खाचाखोचांची, आणि कधी पेशीत चिकट स्रावाचा मोठा बुडबुडा, जो केंद्राला दाबून कोयत्यासारखं वाकवतो.

यातलं कुठलंही एक लक्षण पुरेसं नाही. बुडबुडे तर जुनाट पाण्यातल्या मेसोथेलियल पेशींतही येतात, फक्त ते स्रावाचे नसून झिजेचे असतात. आणि स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगात पेशी लहान, सुट्या, साध्या असतात आणि मेसोथेलियल पेशींत अशा मिसळतात की घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. रुग्णाला आधी कर्करोग झाला होता का, हे कागदावर हवं म्हणते ते यासाठी.

नुसतं पाहून ठरत नसेल तर?

तेव्हा सेल ब्लॉकचे काप इम्युनो चाचणीला लावतो. पेशीवर एखादं विशिष्ट प्रथिन असेल तर तिथे तपकिरी रंग चढतो. पहिला प्रश्न, ही पेशी पडद्याची की बाहेरची? कॅलरेटिनिन मेसोथेलियल पेशींना रंगवतं. एमओसी-३१, बेर-ईपी४ आणि क्लॉडिन-४ ही बाहेरून आलेल्या कर्करोगाच्या पेशींना रंगवतात. एकट्यादुकट्या चाचणीवर विसंबायचं नाही. दोन्ही बाजूंच्या निदान दोन-दोन लावाव्यात.

दुसरा प्रश्न, बाहेरची असेल तर कुठली? टीटीएफ-१ फुप्फुसाकडे बोट दाखवतं, पीएएक्स-८ अंडाशय किंवा मूत्रपिंडाकडे, जीएटीए-३ बहुतेक वेळा स्तनाकडे, सीडीएक्स-२ आतड्याकडे. यात डब्ल्यूटी-१ चा खड्डा नेहमीचा. ते मेसोथेलियल पेशींतही येतं आणि अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगातही. पोटातल्या पाण्यात नुसतं डब्ल्यूटी-१ पाहून 'पडद्याच्याच पेशी' म्हटलं, तर अंडाशयाचा कर्करोग हातचा जातो.

रंग कुठल्या पेशीला चढला, हेही नीट पाहावं लागतं. त्याच कापात चांगल्या मेसोथेलियल पेशीही असतात.

एखादं उदाहरण सांगाल का?

हे नेहमी दिसणाऱ्या प्रकारांवरून रचलेलं उदाहरण आहे, कुणा एका रुग्णाचं नाही.

डिचोली तालुक्यातली ५६ वर्षांची बाई. कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. तीन आठवडे दम लागतो, एक्स-रेमध्ये उजव्या छातीत पाणी. पहिल्यांदा १० मिली पाणी आलं. काचेवर लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर, आणि मधूनच पाच-सहा मोठ्या पेशी, दोन तर धड दिसतही नाहीत. लिंफोसाइट जास्त म्हणून डॉक्टरांच्या मनात टीबी. मोठ्या पेशी रिॲक्टिव्ह असू शकतात, नसूही शकतात. एवढ्यावर कर्करोग म्हणणं हा अन्याय, आणि 'काही नाही' म्हणणं हा धोका. रिपोर्ट गेला: 'ॲटिपिया, महत्त्व अनिश्चित, सेल ब्लॉकसाठी जास्त पाणी पाठवा.' मी फोनही करते अशा वेळी, कारण रिपोर्टाची शेवटची ओळ वाचली जाईलच असं नसतं.

दुसऱ्यांदा १५० मिली आलं. कमी भिंगात लिंफोसाइटच्या गर्दीत आता दोन कुटुंबं स्पष्ट: सुट्या, खिडक्या असलेल्या मेसोथेलियल पेशी, आणि त्यांच्यापासून अगदी वेगळे गुळगुळीत कडेचे गोळे. मोठ्या भिंगात गोळ्यांतली केंद्रं बाजूला सरकलेली, ठिपके ठळक, काहींत स्रावाचे बुडबुडे. सेल ब्लॉकवर कॅलरेटिनिनने सुट्या पेशी रंगल्या, गोळे कोरे राहिले. एमओसी-३१ आणि क्लॉडिन-४ ला उलट. टीटीएफ-१ ने गोळ्यांची केंद्रं तपकिरी. टीटीएफ-१ थायरॉईडच्या कर्करोगातही येतं, पण पीएएक्स-८ कोरं निघालं, त्यामुळे तो रस्ता जवळपास बंद झाला. जीएटीए-३ कोरं, म्हणजे स्तनाकडेही बोट जात नाही. रिपोर्ट: 'फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा.'

त्याच मेणाच्या ठोकळ्यातून ईजीएफआर जनुकाची तपासणी झाली आणि बदल सापडला. फुप्फुसाच्या कर्करोगात पडद्याच्या पाण्यात पेशी सापडल्या की आजार चौथ्या टप्प्याचा धरतात, ऑपरेशन हा मुख्य मार्ग राहत नाही. पण ईजीएफआरमधल्या ठराविक बदलांवर गोळ्यांचा उपचार आहे, आणि या बाईला तो सुरू करता आला. फुप्फुसात सुई घालून बायोप्सी करावी लागली नाही.

रिपोर्टावरच्या शब्दांचा अर्थ काय लावायचा?

२०२० पासून यासाठी पाच वर्गांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. 'नॉन-डायग्नॉस्टिक' म्हणजे नमुनाच तपासण्याजोगा नाही. 'निगेटिव्ह' म्हणजे या पाण्यात कर्कपेशी दिसल्या नाहीत. 'ॲटिपिया' म्हणजे काही पेशी वेगळ्या आहेत, पण बहुधा त्रास निरुपद्रवी असावा, खात्री नाही. 'सस्पिशियस' म्हणजे कर्करोगाचा दाट संशय, पण पेशी कमी आहेत किंवा पुरावा थोडका पडतो. 'मॅलिग्नंट' म्हणजे कर्करोग आहे.

'ॲटिपिया' आणि 'सस्पिशियस' या दोन शब्दांवर उपचार सुरू करायचे नसतात आणि त्यांच्यावर स्वस्थ बसायचंही नसतं. पुढचं पाऊल बहुतेक वेळा पुन्हा जास्त पाणी, सेल ब्लॉक, सीटी स्कॅन किंवा पडद्याची बायोप्सी. 'मॅलिग्नंट' हा शब्द आम्ही फार जपून लिहितो, त्यामुळे तो चुकीचा ठरणं विरळा. 'निगेटिव्ह'चं तसं नाही. पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, वजन उतरत असेल, तर एका निगेटिव्ह रिपोर्टावर फाइल बंद करू नका.

पाणी रक्तासारखं लाल आलं. म्हणजे कर्करोग का?

नाही. टीबीत, मार लागल्यावर, फुप्फुसातली रक्तवाहिनी अडल्यावर, सुईने बारीकशी रक्तवाहिनी दुखावली तरीही पाणी लाल येतं. आणि कर्करोगाचं पाणी कितीदा तरी फिकट पिवळं असतं.

टीबी आहे की कर्करोग, हे याच तपासणीत कळतं का?

अर्धवट. टीबीच्या पाण्यात लिंफोसाइटच लिंफोसाइट असतात आणि मेसोथेलियल पेशी अगदी थोड्या. त्याला एडीए नावाच्या तपासणीची जोड देतात. ४० च्या वर आकडा आला तर आपल्या भागात टीबीकडे कल झुकतो. पण लिंफोसाइट कर्करोगाच्या पाण्यातही असतात, आणि ते सगळे एकसारखे दिसत असतील तर लिंफोसाइटचाच कर्करोग, म्हणजे लिंफोमाही असू शकतो. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री ही एकेक पेशी यंत्रातून तपासणारी चाचणी लागते, आणि ती ताज्या पाण्यावरच होते. टीबीचं औषध सुरू करून पाणी ओसरत नसेल तर पाणी पुन्हा तपासायला पाठवा.

पोटातल्या पाण्याचं वेगळं काय?

दोन गोष्टी. गोव्यात पोटातल्या पाण्यामागे दारूने खराब झालेलं लिव्हर बरेचदा असतं, आणि सिऱ्होसिसच्या पाण्यात मेसोथेलियल पेशी खूप चिडलेल्या असतात. म्हणून कागदावर 'सिऱ्होसिस' हा एक शब्द असणं मोलाचं. याच रुग्णांना पुढे लिव्हरचा कर्करोगही होऊ शकतो, पण तो लिव्हरच्या आत राहतो, पेशी पाण्यात क्वचितच पडतात. तिथे पाणी निगेटिव्ह येणं हे काहीच सांगत नाही, स्कॅन पाहावा लागतो.

उलट कर्करोग पोटाच्या पडद्यावरच पसरला असेल, तर पुरेसं पाणी नीट तपासल्यावर तो बहुतेक वेळा सापडतो. बायकांमध्ये तेव्हा अंडाशयाकडे आधी पाहावं.

पाणी काढल्यामुळे कर्करोग पसरतो का?

ही भीती बाळगून दम कोंडत बसू नका. पेशी पाण्यात आहेत म्हणजे आजार पडद्यापर्यंत आधीच पोचलेला आहे. सुईच्या वाटेने गाठ येणं मुख्यतः मेसोथेलिओमात दिसतं, आणि तो आपल्याकडे कमी आढळतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर काय न्यायचं?

नुसत्या रिपोर्टाची झेरॉक्स नेऊ नका. रंगवलेल्या काचा आणि सेल ब्लॉकचा मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेतून अर्ज करून मिळतो. काचा कडक डबीत, ठोकळा उन्हापासून दूर, कारण मेण वितळतं. ठोकळा परत आणून द्यायचा असतो. पुढे आजार बदलला, नवं औषध आलं, तर त्यातूनच आणखी काप काढून नवी तपासणी करता येते. ब्लॉकमध्ये पेशी किती शिल्लक आहेत, हे पाठवण्याआधी विचारून घ्या. संपत आल्या असतील तर पुढच्या वेळी पाणी काढताना बाटली भरून पाठवायला आधीच सांगून ठेवा.